एकच सामू, पण चुना दुपटीहून जास्त? जांभ्या जमिनीच्या अहवालात अडलेलं गणित

तांबडमाती
कृषी रसायनशास्त्राच्या प्रकल्प अहवालातला आम्लता, चुना आणि अन्नद्रव्यांची उपलब्धता हा भाग लिहिते आहे. एका जागी अडकले आहे.

सिंधुदुर्गातल्या एकाच वाडीतले दोन नमुने आहेत. 'अ' हा सड्याखालच्या वरकस जमिनीचा, हलका आणि खड्याळ. 'ब' हा खालच्या भाताच्या मळ्याचा, चिकण जास्त आणि सेंद्रिय कर्बही जास्त. भात काढल्यावर दोन्हीकडे भुईमूग घ्यायचा आहे. दोन्हींचा सामू ५.१. मग २ मिमी चाळणीतून काढलेल्या १०० ग्रॅम मातीत शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट मिसळून, ओल राखून ३० दिवस ठेवलं. हेक्टरी १५ सेंमी थराची माती २० लाख किलो धरली, म्हणजे हेक्टरी १ टन चुन्याला १०० ग्रॅम मातीत ५० मिलिग्रॅम. ३० दिवसांनंतरचे सामू असे आले:

चुना नाही: अ ५.०, ब ५.०
१ टन: अ ५.६, ब ५.३
२ टन: अ ६.२, ब ५.५
३ टन: अ ६.६, ब ५.८
४ टन: अ ७.०, ब ६.०

सामू ५.८ करायचा तर 'अ'ला साधारण १.३ टन आणि 'ब'ला ३ टन. सुरुवातीची आम्लता एकच असताना हे कसं? आणि चुना न घातलेल्या बरणीतला सामू ५.१ वरून ५.० का झाला? माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.

कोकणबाग
चुकलं काही नाही. आम्ल जमिनीला चुना लागतोच. पण एवढा खटाटोप कशाला? सामू ५.५ च्या खाली असेल तर सरसकट हेक्टरी २ टन टाकायचा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू असतोच, त्यावरून ठरवता येतं.

रसायन_जुने
कोकणबाग, ह्याच समजुतीवर ताईंचे आकडे बोट ठेवत आहेत. २ टन घातले तर 'अ' ६.२ ला जातो आणि 'ब' ५.५ लाच थांबतो. पत्रिकेत बारा घटक असतात, त्यांत सामू आहे, पण माती चुना किती पिणार हे सांगणारा एकही आकडा नाही.

तांबडमाती, आता तुमचा मुख्य प्रश्न. सामू मोजतो ती फक्त मातीतल्या पाण्यात मोकळी असलेली आम्लता. ती किती क्षुल्लक असते ते अहवालात आकड्याने दाखवा, वाचणाऱ्याला लगेच पटेल. एका हेक्टरच्या १५ सेंमी थरात ओल असताना अंदाजे ५ लाख लिटर पाणी धरा. सामू ५.१ ला लिटरमागे हायड्रोजन आयन ०.०००००८ मोल. म्हणजे अख्ख्या हेक्टरात ४ मोल. ते शमवायला कॅल्शियम कार्बोनेट लागेल २०० ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही! मग टन कशाला लागतात? कारण बाकीची सगळी आम्लता चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थाच्या कणांवर चिकटून बसलेली असते. पाण्यातली शमली की कणांवरची सुटून तिची जागा घेते. ओटीवर काढलेलं भात बघून कणगीत किती आहे ते कळत नाही, तसंच हे. तुमच्या दोन्ही नमुन्यांची ओटी सारखी आहे, कणगी वेगळी आहे.

जांभ्या जमिनीत ह्या साठ्यातला मोठा वाटा ॲल्युमिनियमचा. सामू ५.५ च्या खाली गेला की तो विद्राव्य रूपात येऊ लागतो आणि पाण्याशी क्रिया करून पुन्हा हायड्रोजन आयन सोडतो. चुना घातला की त्याचं न विरघळणारं हायड्रॉक्साइड होतं आणि तो कामातून जातो. त्यामुळे विनिमयक्षम ॲल्युमिनियम मोजल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. १ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडने काढून अनुमापन करा.

बरणीतल्या घटीबद्दल. ओल्या, उबदार मातीत ३० दिवसांत अमोनियाचं नायट्रेट होत राहतं आणि त्यातून आम्ल सुटतं. शिवाय विद्राव्य क्षार वाढले की पाण्यातला सामू थोडा कमीच दिसतो. ०.१ चा फरक म्हणून अपेक्षितच आहे. म्हणूनच चुना न घातलेली बरणी ठेवणं योग्य होतं, तुलना तिच्याशीच करा, सुरुवातीच्या ५.१ शी नाही. क्षारांचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्येही एक वाचन घ्या.

तांबडमाती
सर, ॲल्युमिनियम मोजला होता, पण त्याचं काय करायचं ते न कळल्यामुळे परिशिष्टात टाकून ठेवला. 'अ' ०.६ आणि 'ब' १.४ सेंटिमोल प्रति किलो.

रसायन_जुने
अहो, तोच तर तुमच्या अहवालाचा गाभा! बाहेर काढा.

उष्ण प्रदेशातल्या झिजलेल्या जमिनींसाठी कॅम्प्राथ यांची १९७० ची सोपी रीत आहे. विनिमयक्षम ॲल्युमिनियम गुणिले १.५. दीडपट का, तर घातलेला चुना फक्त ॲल्युमिनियमवर खर्च होत नाही, सेंद्रिय पदार्थावरचा हायड्रोजनही त्यातला वाटा घेतो. कर्ब बराच जास्त असेल तर दीडपटही कमी पडते. तुमच्या २० लाख किलोच्या हिशेबात १ सेंटिमोल म्हणजे हेक्टरी १ टन कॅल्शियम कार्बोनेट.

तर 'अ' : ०.६ × १.५ = ०.९ टन. 'ब' : १.४ × १.५ = २.१ टन.

आता हे दोन आकडे तुमच्याच बरण्यांवर ठेवून बघा. 'अ'मध्ये ०.९ टनाला सामू साडेपाचच्या आसपास येतो, 'ब'मध्ये २.१ टनालाही साडेपाच. दोन वेगळ्या वाटांनी काढलेलं उत्तर एकाच जागी येतंय. प्रयोग नीट झाल्याची ह्याहून चांगली खूण नाही.

सुपारीबन
विषय चुन्याचा निघालाच आहे तर विचारतो. गेल्या वर्षी माती आम्ल आली म्हणून दर सुपारीच्या बुंध्याशी २ किलो कळीचा चुना टाकला, साधारण दोन फुटांच्या आत. आता नव्या पात्या पिवळ्या येतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. चुना कमी पडला का? अजून २ किलो टाकू?

वाफसा
सुपारीबन, थांबा. अजिबात टाकू नका.

हिशेब करा. बुंध्याभोवती ६० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे १.१३ चौरस मीटर. कळीचा चुना कॅल्शियम कार्बोनेटच्या १.७९ पट जोरदार, म्हणजे तुमचे २ किलो झाले जवळपास ३.६ किलो. ते १.१३ चौरस मीटरवर पडले, म्हणजे हेक्टरी हिशेबाने ३० टनांच्या वर. वर ताईंच्या 'ब' जमिनीला २ टन पुरतात. तुम्ही एका झाडाला फक्त २ किलो दिला असं वाटतं, पण मुळांना ३० टनांचा चुना भेटला.

एवढ्या चुन्यात सामू सातच्या पुढे जातो आणि लोह, मँगनीज, जस्त, बोरॉन सगळेच अडकतात. नव्या पानावर शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका हे लोह किंवा मँगनीजचं लक्षण, जस्तही असू शकतं. बुंध्याजवळची माती आणि दोन झाडांच्या मधली माती अशा दोन पिशव्या वेगळ्या तपासायला द्या. दोन्हींत फरक एक-दीड सामूचा निघाला तर निदान पक्कं समजा. सुटलेला चुना परत काढता येत नाही. तो पसरून जास्त जागेत मिसळा, शेणखत द्या आणि तोवर सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारणीतून द्या. मातीत टाकलेलं जस्त तिथे अडकूनच बसेल.

सुपारीबन
बापरे. ३० टन! असा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता. दोन पिशव्या काढतो.

कोकणबाग
मग चुन्याऐवजी जिप्सम का नाही? त्यातही कॅल्शियम आहे, भुईमुगाला तर ते लागतंच, आणि जास्त झालं तरी धोका नाही. आम्लताही कमी होईल.

रसायन_जुने
पहिलं बरोबर, शेवटचं चूक. आम्लता कॅल्शियम घालवत नाही, कार्बोनेट घालवतं:

CaCO₃ + 2H⁺ → Ca²⁺ + H₂O + CO₂

हायड्रोजन आयन इथे पाण्यात बांधला गेला आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला. जिप्सममध्ये कार्बोनेटच्या जागी सल्फेट आहे. ते सबळ आम्लाचं, हायड्रोजनला धरून ठेवत नाही. म्हणून जिप्सम कितीही टाका, सामू हलत नाही.

पण भुईमुगात जिप्समची जागा वेगळी आणि पक्की आहे. आऱ्या जमिनीत शिरल्या की शेंगेला लागणारं कॅल्शियम शेंग स्वतः भोवतालच्या मातीतून घेते, मुळाने घेतलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे कमी पडलं की पोचट शेंगा येतात. म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास, आऱ्या सुटायच्या वेळी, ओळीलगत हेक्टरी २०० ते ४०० किलो जिप्सम. चुना पेरणीआधी मुळांसाठी, जिप्सम नंतर शेंगेसाठी. अहवालात दोन्ही वेगळी ठेवा, बहुतेक जण एकत्र करून गोंधळ घालतात.

वाफसा
तांबडमाती, आता कागदावरचे टन शेतातल्या गोणीत आणूया, कारण खरी चूक तिथे होते. २.१ टन हे शुद्ध, मैद्यासारख्या बारीक कॅल्शियम कार्बोनेटचे आहेत. दुकानात ते मिळत नाही.

समजा डोलोमाइट भुकटी मिळाली आणि तिची शमनक्षमता ९५ टक्के आहे. आता ती चाळा. पाव मिमीपेक्षा बारीक ६० टक्के निघाली तर ती पूर्ण धरा. २० टक्के मधली, ती निम्मी धरा. २० टक्के भरड रव्यासारखी, ती पहिल्या वर्षी जवळपास काहीच करत नाही, शून्य धरा. ६० अधिक १० म्हणजे ७० टक्के. मग २.१ भागिले (०.९५ × ०.७०) म्हणजे ३.१६ टन. हेक्टरात ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला ३२ किलो. चाळणी न लावता २१ किलो टाकणारा नंतर म्हणतो चुन्याने काही होत नाही.

फक्की वापरायची असेल तर ती १३५ टक्के जोराची, म्हणून कमी लागते आणि पटकन काम करते. पण तीच पटकन काम करणारी गोष्ट हाताला, डोळ्यांना आणि उगवणाऱ्या रोपालाही तितकीच पटकन लागते. वाऱ्याच्या दिवशी उधळू नका. शिंपल्यांचा चुना विकत घेत असाल तर तो ताजा विरलेला आहे की वर्षभर हवा लागून परत कार्बोनेट झालाय ते बघा, जोर तेवढा बदलतो.

आणखी एक, जे जांभ्या जमिनीतच घडतं. तुम्ही बरणीत घातली ती २ मिमीतून चाळलेली माती. पण 'अ' शेतात चाळणीवर किती खडे राहिले?

तांबडमाती
बरेच राहिले. वजन केलं होतं, सुमारे ३० टक्के. ते फेकून दिले.

वाफसा
मग 'अ'ची मात्रा साधारण ०.७ ने गुणा. खडे चुना पीत नाहीत. ०.९ टनाचे झाले ०.६३ टन. हलक्या जमिनीत आधीच थोडक्याने सामू उसळतो, त्यात खड्यांचा हिशेब सोडला की सुपारीबन यांच्यासारखं पिवळं पीक दिसू शकतं. पुढच्या नमुन्याला खड्यांचं वजन लिहून ठेवा.

नमुना काढताना राबाची जागाही टाळली होती ना? तिथे दरवर्षी जाळल्यामुळे राख असते, सामू वर असतो. पंधरा ठिकाणच्या मातीत राबाचे दोन खड्डे मिसळले तरी सरासरी फसवी होते.

तांबडमाती
'ब'मध्ये एका कोपऱ्यात राब होता, पण तो सोडूनच खड्डे घेतले होते.

आता एक वाद. आमचे मार्गदर्शक सर म्हणतात की उद्दिष्ट सामू ६.५ लिहायला हवा, कारण अन्नद्रव्य उपलब्धतेच्या आलेखात सगळ्या पट्ट्या तिथेच सर्वांत रुंद असतात.

रसायन_जुने
तो आलेख मोठ्या श्रद्धेने चिकटवला जातो. पण तो प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशातल्या मातीच्या अनुभवातून आलेला आहे. जांभ्या मातीत कण बहुतेक केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, त्यांची अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद कमी. ६.५ गाठायला 'ब'ला तुमच्या सरळ रेषेने ६ टन लागतील. त्यात पहिला फटका जस्त आणि बोरॉनला. माझं मत: ५.५ ते ५.८. ॲल्युमिनियम गेला की निम्मी लढाई तिथेच संपते.

अभ्यासू_शेती
मी अर्धाच सहमत आहे. भातासाठी तुमचं खरं, भाताला तर बहुधा चुनाच नको, कारण पाणी साचलं की काही आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपोआप सातच्या दिशेने चढतो. पण भुईमूग द्विदल आहे. गाठींतल्या जिवाणूंना मॉलिब्डेनम लागतं आणि ते सामूबरोबर वाढतं. ६.० पर्यंत न्यायला हरकत नसावी. ५.५ वर थांबायचं तर गाठी मोजून दाखवाव्या लागतील.

रसायन_जुने
मॉलिब्डेनमचा मुद्दा मान्य. पण त्याची गरज इतकी थोडी की बीजप्रक्रियेतून भागते, त्यासाठी टनभर चुना वाढवायचा का हा प्रश्न राहतोच.

कोकणबाग
आणि स्फुरद? चुना टाकला की अडकलेला स्फुरद सुटतो, हे तरी खरं ना?

रसायन_जुने
अर्धं. आम्ल जमिनीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर घट्ट बसतो, हे खरं. चुन्याने तो धडाधड सुटतो असं सगळीकडे दिसत नाही. काही प्रयोगांत वाढला, काहींत काहीच नाही, काहींत घटलासुद्धा, कारण नुकतंच तयार झालेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडही स्फुरद पकडतं. पीक सुधारलेलं दिसतं त्याचं एक मोठं कारण मूळ आहे. ॲल्युमिनियममुळे मुळाची टोकं आखूड, जाड, तपकिरी होतात आणि बारीक फाटे फुटतच नाहीत. ते फुटू लागले की तेच मूळ जास्त मातीपर्यंत पोचतं आणि स्फुरद कमीच हलणारा असल्यामुळे पोचणं हेच महत्त्वाचं.

ताई, तुमच्या अहवालात उपलब्ध स्फुरद कोणत्या रीतीने काढला? ओल्सन की ब्रे?

तांबडमाती
बघून सांगते. ... ओल्सन. सगळ्या नमुन्यांना प्रयोगशाळेने तीच लावली आहे.

रसायन_जुने
ओल्सनचा द्रावक बायकार्बोनेटचा, सामू ८.५. तो मुख्यतः तटस्थ आणि चुनखडीयुक्त जमिनींसाठी. आम्ल जमिनीला ब्रे क्रमांक १ जास्त योग्य, त्यातलं फ्लोराइड ॲल्युमिनियमवरचा स्फुरद सोडवतं. दोन्हींच्या कमी-मध्यम-जास्तच्या हद्दी वेगळ्या आहेत. म्हणून रीत न लिहिलेला 'स्फुरद कमी' हा शेरा वाचकाला काहीच सांगत नाही. निदान रीतीचं नाव लिहा. जमलं तर दोन नमुने ब्रेनेही करून घ्या.

वाफसा
वेळापत्रक लिहायचं राहिलं. भात कापल्यावर वाफसा येताच भुकटी पसरून १५ सेंमीपर्यंत मिसळा, वर नुसती पसरली तर ती वरच्या दोन-तीन सेंमीतच राहते. मिसळून पेरणीआधी निदान तीन आठवडे ओल ठेवा. चुना आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेट एकाच वेळी नको, अमोनिया उडून जातो. सुपर फॉस्फेटही चुन्याबरोबर मिसळू नका, स्फुरद अविद्राव्य होतो. पेरणीच्या वेळी द्या.

एवढा चुना परवडत नसेल तर झारखंड-ओडिशाच्या आम्ल पट्ट्यात शिफारस असलेला पर्याय आहे: दर हंगामात सरीत बियाण्याच्या ओळीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल. पूर्ण शेताचा सामू त्याने बदलत नाही, पण कोवळ्या मुळाभोवतीचा बदलतो. मग तो दरवर्षी द्यावा लागतो.

आणि एकदा दिला म्हणजे कायमचा नव्हे. आपल्या पावसात कॅल्शियम खाली धुऊन जातं आणि खतंही आम्लता आणतात. अमोनियम सल्फेटच्या १०० किलोला जवळपास ११० किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं, युरियाच्या १०० किलोला सुमारे ८०. तीन वर्षांनी पुन्हा मोजा.

तांबडमाती
ह्या धाग्यावरून परिच्छेद असा केलाय, बघा:

"दोन्ही नमुन्यांचा सामू ५.१ असला तरी विनिमयक्षम ॲल्युमिनियम अनुक्रमे ०.६ व १.४ सेंटिमोल प्रति किलो असल्याने ॲल्युमिनियम निष्प्रभ करण्यास लागणारे कॅल्शियम कार्बोनेट हेक्टरी ०.९ व २.१ टन आहे. 'अ'मधील ३० टक्के खडे वजा केल्यास ती मात्रा सुमारे ०.६ टन होते. उद्दिष्ट सामू ५.५ ते ५.८."

६.५ विषयी सरांशी बोलते. 'ब'चे खडेही मोजते, तिथे कमी असावेत.

अभ्यासू_शेती
'निष्प्रभ' ठीक आहे, पण त्यापुढे '१५ सेंमी खोलीसाठी' लिहा. कुणी १० सेंमीच नांगरलं तर मात्रा दोन तृतीयांश होते. आणि सर नाहीच ऐकले तर 'ब'मध्ये तीन वाफे टाका, चुना नाही, २.१ टन आणि ६ टन. पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येकातली पाच रोपं मातीसकट खणून काढा, मुळं पाण्यात धुवा, गाठी मोजा, त्यांतल्या चार-पाच कापून आतून गुलाबी आहेत का बघा आणि नवी पानं पिवळी आहेत का तेही लिहा. ५.५ विरुद्ध ६.५ वर मी तोपर्यंत माझं मत राखून ठेवतो.

रसायन_जुने
वाफे टाकाच. पण ६ टनांच्या वाफ्यात जिप्समची मात्राही बाकीच्या दोनइतकीच ठेवा, नाहीतर शेंगेतला फरक कशाचा ते कुणालाच सांगता येणार नाही.